सुट्टी वाढली नाही, सरकली: सकाळच्या प्रार्थनेतल्या एका घोषणेचं प्रकरण

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी गेली बरीच वर्षं शिकवतो, आणि सकाळच्या प्रार्थनेची जबाबदारी माझ्याकडे असते. माईक, राष्ट्रगीत, दिनविशेष सांगणारी मुलं आणि शेवटी सूचना, एवढं सगळं दहा-बारा मिनिटांत बसवायचं असतं. एका ऑक्टोबरात आमच्या मुख्याध्यापिकांनी दिवाळीच्या सुट्टीच्या बदललेल्या तारखा सोमवारी सांगितल्या आणि मंगळवारी त्याच तारखा पुन्हा सांगितल्या. हे प्रकरण त्या दोन घोषणांमधल्या फरकाचं आहे. शाळा ओळखू येऊ नये म्हणून तारखा थोड्या सरकवल्या आहेत. वार आणि दिवसांचा हिशेब मात्र जुळवलेला आहे.

परिस्थिती अशी होती. वर्षाच्या सुरुवातीला मुलांना दिलेल्या डायरीत दिवाळीची सुट्टी 16 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर अशी छापलेली होती, म्हणजे वीस दिवस. जुलैत मुसळधार पावसामुळे शाळा दोन दिवस बंद ठेवावी लागली होती. ते दिवस भरून काढण्यासाठी सहामाहीचे शेवटचे दोन पेपर 16 आणि 17 ऑक्टोबरला घ्यायचं ठरलं, आणि सुट्टी 18 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर अशी झाली. दिवस तेवढेच, वीस. फक्त दोन्ही टोकं दोन-दोन दिवस पुढे गेली. परिपत्रक शुक्रवारी संध्याकाळी हातात आलं आणि सोमवारी, 13 तारखेला, बाईंनी ते प्रार्थनेत वाचून दाखवलं.

त्यांनी वाचलेली वाक्यं माझ्या वहीत आहेत: ‘विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, सहामाही परीक्षेच्या वेळापत्रकात झालेल्या बदलामुळे दिनांक 16 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर या कालावधीत जाहीर केलेली दिवाळीची सुट्टी दोन दिवसांनी पुढे ढकलण्यात आली असून, आता ती दिनांक 18 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, राहील. याची सर्वांनी नोंद घ्यावी.’ नंतर त्यांनी विचारलं, ‘कळलं ना सगळ्यांना?’ पाचवीपासून दहावीपर्यंतच्या रांगांमधून एका सुरात ‘हो बाई’ आलं आणि मुलं वर्गात गेली.

या मजकुरात चुकीचं काहीच नव्हतं. तारखा बरोबर होत्या, व्याकरण बरोबर होतं, ‘दोन्ही दिवस धरून’ हा खुलासाही होता. मला शंका आली ती पहिल्या तासाला सहावीतल्या एका मुलीच्या प्रश्नावरून. ती पुढच्या बाकावरून हळूच म्हणाली, ‘सर, सुटी दोन दीस वाडली न्हय?’ मी म्हटलं, नाही गं, वाढली नाही. ती गोंधळून माझ्याकडे बघतच राहिली. मग मी प्रत्येकाला वहीच्या कागदाचा तुकडा फाडायला सांगितला आणि त्यावर दोनच गोष्टी लिहून घेतल्या: सुट्टीआधी शाळेत यायचा शेवटचा दिवस कुठला, आणि सुट्टीनंतर परत यायचा पहिला दिवस कुठला. नाव लिहायचं नाही, शेजारच्याचं बघायचं नाही.

शुक्रवार 17 आणि शुक्रवार 7 ही दोन्ही उत्तरं बरोबर असलेल्या चिठ्ठ्या निम्म्याहून कमी होत्या. पण मला जास्त उपयोग झाला तो चुकलेल्या चिठ्ठ्यांचा, कारण त्या वाटेल तशा चुकलेल्या नव्हत्या. त्यांचे सरळ तीन गठ्ठे पडले.

सगळ्यात मोठ्या गठ्ठ्यात शेवटचा दिवस बुधवार 15 आणि परत यायचा दिवस 7 नोव्हेंबर होता. म्हणजे या मुलांनी सुट्टीचं जुनं पहिलं टोक आणि नवं शेवटचं टोक जोडून बावीस दिवसांची सुट्टी केली होती. हा ‘पुढे ढकलली’ या शब्दांचा परिणाम होता. आपल्या बोलण्यात ‘सुट्टी पुढे ढकलली’ आणि ‘सुट्टी पुढे वाढवली’ हे प्रकार इतके जवळचे आहेत की अकरा वर्षांच्या मुलाच्या कानाला ते एकच वाटतात. त्यातून ‘दोन दिवसांनी’ ऐकलं की मूल स्वतःला हवा तो अर्थ लगेच धरतं. मोठ्या माणसाला ढकलणं म्हणजे अख्खी वस्तू सरकवणं असं वाटतं. मुलाला लांब होत जाणारा रबर दिसतो. या चुकीतला धोका असा होता की ही मुलं गुरुवारी आणि शुक्रवारी घरीच राहिली असती आणि सहामाहीचे दोन पेपर बुडाले असते.

दुसऱ्या गठ्ठ्यात जुन्याच तारखा होत्या, 15 आणि 5. या मुलांनी लक्ष दिलं नव्हतं असं मला वाटत नाही. वाक्यात पहिल्यांदा जी तारीख ऐकू आली तीच त्यांनी धरून ठेवली होती. कागदावर माणूस वाक्याच्या शेवटी पोचून पुन्हा मागे वळू शकतो, पण रांगेत उभ्या असलेल्या मुलाला मागे वळता येत नाही. त्यात ही तारीख डायरीत छापलेली, घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केलेली, म्हणजे ओळखीची. नवीन तारीख ऐकायच्या ऐन क्षणी आपण जुनीच तारीख मोठ्याने पुन्हा पक्की करून दिली होती.

तिसरा गठ्ठा लहान होता आणि त्याने मला सगळ्यात जास्त चकित केलं. त्यात परत यायचा दिवस 11 नोव्हेंबर होता. अकरा कुठून आली ते मला आधी कळेना. मग एका मुलाने सांगितलं, ‘बाईंनी दहा नोव्हेंबरपर्यंत सांगितलं ना.’ आमच्या आवारातल्या कर्ण्यावर ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत मागच्या रांगांना फरक कळत नाही. मी नंतर मागे उभं राहून ऐकून पाहिलं, मलाही कळला नाही. ‘स’ हा नुसता श्वासाचा आवाज असल्यामुळे कर्ण्यात तो खरखरीत विरून जातो आणि हाती उरतं ते ‘–हा’. तारखेसोबत वार सांगितला असता तर ही चूक तिथल्या तिथे पकडता आली असती, कारण 6 तारीख गुरुवार होती आणि 10 सोमवार.

मधल्या सुट्टीत मी चिठ्ठ्या घेऊन बाईंच्या खोलीत गेलो. आमच्या बाई मुलांची मनापासून काळजी करणाऱ्या आहेत. त्या चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर पसरून एकेक वाचल्या आणि म्हणाल्या, ‘उद्या परत सांगते. पण सर, कारण आधी सांगायला हवं. कारण न सांगता तारखा बदलल्या की मुलांना ते मनमानी वाटतं.’

मला कारणाचं महत्त्व मान्य होतं, पण त्याची जागा मान्य नव्हती. मी म्हटलं, ‘बाई, सुट्टीबद्दल काही सांगायचंय म्हटलं की मुलांच्या मनात एकच भीती येते, सुट्टी कमी झाली की काय. ती भीती जाईपर्यंत त्यांना दुसरं काही ऐकूच येत नाही. जुलैचा पाऊस आणि बुडालेले दिवस यांपासून सुरुवात केली तर ती भीती वाढेल.’ त्यांनी थोडा विचार केला. मग आम्ही ठरवलं की पहिलं वाक्य दिवसांच्या संख्येचं असेल, दुसरं शेवटच्या दिवसाचं, तिसरं परत यायच्या दिवसाचं. कारण त्यानंतर, एका वाक्यात, पण सांगायचं नक्की. सोडून द्यायचं नाही. बाईंचं म्हणणंही खरंच होतं: ज्या मुलाला कारण माहीत नसतं, तो घरी जाऊन स्वतःचं एखादं कारण तयार करतो.

‘ते’ आणि ‘पर्यंत’ हे दोन शब्दही काढायचं ठरलं. सुट्टी कुठपासून कुठपर्यंत हे सांगताना आपण मुलाला वजाबाकी करायला लावतो: सुट्टी 18 पासून, म्हणजे शाळा 17 पर्यंत, सुट्टी 6 पर्यंत, म्हणजे शाळा 7 पासून. हे दोन हिशेब मुलाने उभ्या उभ्या करायचे आणि त्यात ‘पर्यंत’मध्ये तो दिवस धरायचा की सोडायचा हे आठवायचं. त्यापेक्षा शाळेत यायचे दोन दिवसच थेट सांगावेत. मुलाला प्रत्यक्षात करायचं असतं ते एवढंच, एका दिवशी यायचं आणि एका दिवशी परत यायचं.

आकड्यांचा प्रश्न उरला. आमच्याकडे मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुलं आहेत तशीच इंग्रजी आकड्यांवर वाढलेलीही आहेत. काही जणांना ‘सतरा’ ऐकून मनात 17 उमटायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून तारीख दोनदा सांगायची ठरली, एकदा ‘सतरा’, एकदा ‘सेवन्टीन’. वार दोन्ही वेळा. घरी ‘शुक्रार’ आणि ‘बिरेस्तार’ म्हणणारी मुलंही ‘शुक्रवार’ आणि ‘गुरुवार’ सहज ओळखतात, तिथे अडचण नव्हती.

शेवटी आम्ही मुलांच्या स्वतःच्या कॅलेंडरमधल्या खुणा शोधल्या. त्या ऑक्टोबरात आमच्या मुलांच्या डोक्यात तारखा नव्हत्याच. तिथे नरकासुर होता. वाड्यावाड्यावर सांगाडे उभे राहायला लागले होते आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, सोमवारी, ते जाळायचे होते. मुलांच्या चिठ्ठ्यांच्या मागे ‘नरकासुर करायला मिळेल ना?’ असं लिहिलेलं दोन ठिकाणी सापडलं. एका चिठ्ठीवर नाताळची सुट्टीही बदलली का असा प्रश्न होता. तो प्रश्न आमच्या कुणाच्या ध्यानीमनी नव्हता, पण एक सुट्टी सरकली की मुलाला सगळ्याच सुट्ट्या डळमळीत वाटणार हे साहजिक आहे.

मंगळवारी, 14 तारखेला, बाईंनी परिपत्रक हातात घेतलं नाही. लहानशा कार्डावर चार शब्द लिहून त्या पुढे आल्या. दहावीची मुलं मागे असतात आणि तिथेच आवाज पोचत नाही, म्हणून मुलांना उभ्या जागी दोन-दोन पावलं पुढे यायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या:

‘मुलांनो, काल मी दिवाळीच्या सुट्टीबद्दल सांगितलं. ते तुम्हाला नीट कळेल असं मी सांगितलं नव्हतं. म्हणून आज पुन्हा सांगते.

‘आपली दिवाळीची सुट्टी वीस दिवसांची आहे. पहिल्यांदा वीस दिवस होती, आताही वीसच दिवस आहे. एकही दिवस कमी झाला नाही. एकही दिवस वाढला नाही.

‘आता दोन दिवस लक्षात ठेवायचे. पहिला दिवस. सुट्टीआधी शाळेत यायचा शेवटचा दिवस आहे या आठवड्यातला शुक्रवार. शुक्रवार, सतरा ऑक्टोबर. फ्रायडे, सेवन्टीन. म्हणजे उद्या बुधवारी शाळा आहे, गुरुवारी शाळा आहे, शुक्रवारीही शाळा आहे.

‘दुसरा दिवस. सुट्टी संपल्यावर परत शाळेत यायचा दिवस. तोही शुक्रवारच आहे. शुक्रवार, सात नोव्हेंबर. फ्रायडे, सेवन. शुक्रवारी जायचं आणि शुक्रवारी यायचं.

‘असं का झालं? जुलैत खूप पाऊस पडला तेव्हा शाळा दोन दिवस बंद होती, आठवतं? ते दोन दिवस आपण आता भरून काढतो आहोत. गुरुवारी गणिताचा पेपर आहे आणि शुक्रवारी विज्ञानाचा.

‘नरकासुर सोमवारी पहाटे जाळायचा आहे. तुम्हाला शनिवार आणि रविवार पूर्ण मिळेल. तुळशीचं लग्न सुट्टीतच येतं. नाताळच्या सुट्टीत काहीही बदल झालेला नाही.

‘तुमच्या डायरीत जुनी तारीख छापली आहे. वर्गात गेल्यावर तुमचे वर्गशिक्षक ती खोडायला सांगतील आणि नवीन लिहून देतील. घरी आईबाबांना ते पान दाखवा. कुणाच्या घरी गुरुवारची किंवा शुक्रवारची गाडीची तिकिटं काढली असतील, तर घाबरू नका. आज ऑफिसात येऊन मला सांगा.’

याला साधारण दोन मिनिटं लागली. सोमवारच्या मजकुराला वीस-पंचवीस सेकंद लागले होते, आणि कमी वेळात उरकणं म्हणजे सोपं करून सांगणं असा एक समज आमच्यातही होता. ‘शुक्रवारी जायचं आणि शुक्रवारी यायचं’ हे वाक्य ठरवून आलेलं नव्हतं. बोलता बोलता बाईंच्या लक्षात आलं की दोन्ही वार एकच आहेत, आणि त्यांनी ते तिथेच वापरलं. दुपारी पाचवीची मुलं ते घोषणेसारखं म्हणत व्हरांड्यातून पळत होती. दोन्ही वार वेगळे असते तर असं वाक्य मिळालं नसतं, हेही मान्य करायला हवं.

बाईंनी या वेळी ‘कळलं ना?’ असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘गुरुवारी शाळा आहे की सुट्टी?’ आणि पाचवीच्या रांगेकडे हात केला. मग ‘सहा नोव्हेंबरला शाळा आहे की सुट्टी?’ आणि हात आठवीकडे. आठवीतून दोन्ही उत्तरं मिसळून आली. बाई थांबल्या, म्हणाल्या, ‘सहाला सुट्टी. सातला शाळा,’ आणि पुन्हा विचारलं. ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही असा प्रश्न असला की गोंधळ आहे तिथेच ऐकू येतो. पण सगळ्यांनी मिळून दिलेल्या उत्तरात चुकलेला आवाज बुडून जातो, म्हणून वर्गात मी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. या वेळी तीन चिठ्ठ्या सोडून सगळ्या बरोबर होत्या. ती तीन मुलं मी शोधून काढली नाहीत. फळ्यावर दोन्ही तारखा लिहिल्या आणि प्रत्येकाची डायरी स्वतः पाहिली.

दोन मुलं ऑफिसात आली. एकाच्या वडिलांनी थिवीहून गुरुवारची गाडी पकडून आजोळी जायचं ठरवलं होतं. बाईंनी फोन करून त्यांना बोलावून घेतलं आणि पेपरचं काय करायचं ते समोरासमोर ठरवलं. असे प्रश्न प्रार्थनेत सोडवायला गेलं तर प्रत्येक मुलाला वाटतं की आपल्यालाही सवलत मिळेल. घोषणेत फक्त दार कुठे आहे एवढं सांगायचं.

गुरुवारी माझ्या वर्गात चार मुलं गैरहजर होती. एकाला ताप होता. उरलेल्या तिघांचा हजेरीपट मागे जाऊन पाहिला, तर दोघं सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही दिवस आलेलेच नव्हते. घोषणा कितीही सोपी केली तरी ती तिथे उभ्या असलेल्यालाच ऐकू येते. हे आधीच ध्यानात यायला हवं होतं. मंगळवारचा हजेरीपट समोर असताना गैरहजर मुलांच्या घरी फोन करायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. माध्यान्ह आहार देणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाला आणि मुलांना आणणाऱ्या बालरथ बसच्या चालकाला मात्र सोमवारीच कळवलं होतं, त्यामुळे गुरुवारी जेवण आणि गाडी वेळेवर होती.

मग सुट्टी लागली. 7 नोव्हेंबरला शाळा भरली तेव्हा शिपायाने सांगितलं की आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी 6 तारखेला, सकाळी सातवीतल्या दोन बहिणी दप्तर घेऊन बंद फाटकापाशी उभ्या होत्या. बालरथ नव्हता म्हणून वडिलांनी स्कूटरवरून आणून सोडलं आणि ते कामाला निघून गेले. शिपाई जवळच राहतो म्हणून तो त्यांना घरी पोचवून आला.

मी त्या दोघींना डायरी दाखवायला सांगितलं. मंगळवारी त्या दोघीही आल्या होत्या, बाईंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, शुक्रवारी यायचं हे त्यांना पाठ होतं. पण डायरीतल्या पानावर लिहिलं होतं: ‘सुट्टी 18 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबरपर्यंत.’ त्यांच्या वर्गाच्या फळ्यावर ते वाक्य मीच लिहून दिलं होतं, परिपत्रकावरून, घाईत. वडिलांनी ते वाचून सांगितलं, सहापर्यंत सुट्टी म्हणजे सहाला शाळा. मुलींनी शुक्रवार म्हटलं, पण वडिलांनी लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्याच दिवशी मी ते वाक्य सगळ्या वर्गांत खोडून घेतलं आणि डिसेंबरात नाताळच्या सुट्टीआधी डायरीत लिहून द्यायचा मजकूर बाईंना दाखवला. त्यात दोनच ओळी होत्या. पहिलीत शाळेचा शेवटचा दिवस, वार आणि तारीख. दुसरीत परत यायचा दिवस, वार आणि तारीख. बाईंनी तो वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने तिसरी ओळ घातली: ‘आदल्या दिवशी शाळा बंद असेल.’